पंखा बदलला तर पैसे किती दिवसांत वसूल होतात? तासगावच्या आमच्या घराचा हिशेब

मागच्या सुट्टीत तासगावला घरी गेलो, तेव्हा वडिलांनी ठरवूनच टाकलं होतं, "चारही जुने पंखे आणि चारही चोकवाल्या ट्यूब काढून टाकू. दुकानदार म्हणतोय, सव्वा वर्षात पैसे वसूल." एकूण खर्च १२,२०० रुपये. पंखा २,८०० चा आणि एलईडी पट्टी २५० ची. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू एवढा संशोधन करतोस, जरा बघ तरी, खरं आहे का ते."

पेबॅक पिरियडचं सूत्र सोपं आहे: सुरुवातीचा खर्च भागिले वर्षाला होणारी बचत. भागाकारात कुणी चुकत नाही. चूक होते ती बचतीच्या आकड्यात. दुकानदाराचा हिशेब असा होता: जुना पंखा ७५ वॅट, नवा बीएलडीसी पंखा ३० वॅट, म्हणजे ४५ वॅटची बचत. रोज १२ तास, वर्षाचे ३६५ दिवस, १२ रुपये युनिट. वर्षाला १९७ युनिट, म्हणजे साधारण २,३६५ रुपये. त्यामुळे २,८०० रुपये चौदा महिन्यांत वसूल. गणित बरोबर आहे. पण यात तीन गृहीतकं लपली आहेत: वॅट, तास आणि दर. आपण एकेक तपासू.

पहिलं, वॅट. यासाठी वेगळं यंत्र लागत नाही. घरच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी `imp/kWh` असा आकडा छापलेला असतो. आमच्या मीटरवर तो ३२०० आहे, म्हणजे ३२०० वेळा दिवा लुकलुकला की एक युनिट. घरातलं सगळं बंद करा, फ्रीज आणि इन्व्हर्टरसुद्धा. फक्त एक पंखा चालू ठेवा आणि मोबाईलवर वेळ मोजा. एक सांभाळा: पहिल्या लुकलुकीला शून्य म्हणायचं, एक नाही. नाहीतर दहाऐवजी नऊच अंतरं मोजली जातात आणि वॅट सुमारे दहा टक्के जास्त येतात. ३२०० च्या मीटरवर दहा अंतरांचं सूत्र असं होतं:

```
वॅट = ११२५० ÷ सेकंद
```

हॉलचा पंखा पाचवर ठेवला, १५० सेकंद लागले, म्हणजे ७५ वॅट. इथवर दुकानदार बरोबर. पण आमच्याकडे पंखा पाचवर कोण ठेवतं? तीनवर असतो. तीनवर २५० सेकंद लागले, म्हणजे ४५ वॅट. नवा पंखा त्याच हवेला साधारण १५ वॅट घेतो. खरी बचत ४५ नाही, ३० वॅट. मात्र तुमच्याकडे जुना, हाताला गरम लागणारा डबा रेग्युलेटर असेल तर चित्र वेगळं. तो वेग कमी करताना उरलेली वीज उष्णतेत घालवतो, त्यामुळे तिथे बचत जास्त निघते.

ट्यूबचं उलटं झालं. तिच्यावर ४० वॅट छापलेलं होतं, पण तांब्याच्या चोकसकट मोजली तर २१६ सेकंद, म्हणजे ५२ वॅट. एलईडी पट्टी २० वॅटची. बचत ३२ वॅट.

दुसरं, तास. आईला आठवडाभर कागदावर टिपून ठेवायला सांगितलं. हॉल आणि झोपायच्या खोलीतला पंखा रोज सुमारे १२ तास चालतो, पण थंडीचे दोन महिने बंद असतो, म्हणून ३०० दिवस. पाहुण्यांची खोली आणि वरच्या मजल्यावरचा पंखा मात्र सरासरी चार तास. ट्यूबचंही तसंच. हॉल आणि स्वयंपाकघरातली पाच तास, बाकीच्या दोन जेमतेम अर्धा तास.

तिसरं, दर. इथे बहुतेक जण एकूण बिलाला युनिटने भागतात. ते चुकीचं आहे, कारण बिलातला स्थिर आकार तुम्ही वीज वाचवली तरी तसाच राहतो. वाचतो तो वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि त्यावरचं वीज शुल्क. शिवाय महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे: पहिली १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० महाग. हे सगळं धरून मी सोयीसाठी पहिल्या टप्प्याला ६ आणि दुसऱ्याला १२ रुपये घेतले. तुम्ही तुमच्या बिलावरचे आकडे घाला.

आमचा महिन्याचा सरासरी वापर १३० युनिट. म्हणजे १२ रुपयांची युनिटं फक्त ३० आहेत. वीज वाचते ती वरच्या टोकाकडून, म्हणून पहिली ३० युनिट वाचवली की प्रत्येकी १२ रुपये वाचतात आणि त्यानंतरच्या प्रत्येक युनिटचे फक्त ६.

आता घराचे दोन भाग करू.

पहिला भाग, जास्त चालणारे दोन पंखे आणि दोन ट्यूब. खर्च ६,१०० रुपये. पंख्यांची वर्षाची बचत २१६ युनिट, ट्यूबची ११७. एकूण ३३३, म्हणजे महिन्याला सुमारे २८. सगळी महागड्या टप्प्यातली. वर्षाला साधारण ४,००० रुपये. पेबॅक दीड वर्ष. यातल्या ट्यूबचे पैसे तर साडेचार महिन्यांच्या आत सुटतात.

दुसरा भाग, उरलेले दोन पंखे आणि दोन ट्यूब. खर्च तोच, ६,१००. पण बचत पंख्यांची ७२ आणि ट्यूबची १२ युनिट, तीही बहुतेक ६ रुपयांची. वर्षाला ६६५ रुपयांच्या आसपास. पेबॅक सव्वानऊ वर्षं! तेवढ्यात पंख्यातला सर्किट बोर्ड एकदा तरी बदलावा लागला, तर हिशेब आणखी लांबतो.

सगळं एकत्र केलं तर १२,२०० भागिले ४,६६५, म्हणजे सुमारे २.६ वर्षं. आकडा खोटा नाही, पण तो काहीच सांगत नाही. दीड आणि सव्वानऊ ही दोन उत्तरं त्यात बुडून गेली. शोधनिबंधात "एलईडीचा पेबॅक अमुक महिने" असं वाचाल तेव्हा आधी विचारा, किती तासांचा आणि कुठल्या टप्प्यातला? पेबॅक हा वस्तूचा गुण नाही, तो खोलीचा आणि बिलाचा आहे.

या हिशेबालाही मर्यादा आहेत. मी सरासरी महिना धरला. उन्हाळ्यात वापर वाढतो, थंडीत कधी १०० च्या खाली जातो, म्हणून नीट करायचं तर बारा महिन्यांची बिलं घेऊन महिनावार करावं. लाईट गेल्यावर इन्व्हर्टर जास्त वेळ टिकतो, तो फायदा यात रुपयांत धरलेला नाही.

बसवताना दोन गोष्टी बघा. बीएलडीसी पंख्याच्या वाटेतून जुना रेग्युलेटर काढून टाका, त्याचा वेग रिमोटवरून बदलतो. आणि जुन्याच पट्टीत एलईडी नळी घालणार असाल, तर नळीसोबतचा जोडणीचा कागद वाचा. चोक वाटेत राहिला तर तो थोडी वीज खातच राहतो. बसवून झालं की मीटरची लुकलुक पुन्हा मोजा. पुढे बिल ताडून बघाल ते मागच्या महिन्याशी नको, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी, आणि बिलाचे दिवस सारखे आहेत ना तेही पाहून.

वडिलांनी दोनच पंखे आणि दोन पट्ट्या आणल्या. उरलेले ६,१०० आईने ठेवून घेतले. पाहुण्यांच्या खोलीतला जुना पंखा अजून फिरतोय, आणि तो तसाच फिरू द्यावा असं माझं गणित म्हणतं.