लग्नातला रवी बाराव्यात कसा गेला?

खोपटच्या एसटी आगाराजवळच्या एका जुन्या इमारतीत रविवारी सकाळी कृष्णमूर्ती पद्धतीचा वर्ग भरतो. बँकेतून निवृत्त झालेले दोघे-तिघे, एक शिक्षिका, डोंबिवलीहून लोकलने येणारा एक तरुण आणि मधूनमधून मी. माझा भविष्यावर विश्वास नाही, पण आकाशाच्या गणिताची आवड जुनी आहे. त्या दिवशी सरांनी सरावासाठी जी कुंडली दिली तिच्यावरून वर्गात चांगलीच जुंपली, म्हणून ती सविस्तर सांगतो. ती कुणाचीच पत्रिका नव्हती. तारीख 25 एप्रिल 2025, वेळ सकाळी 7 वाजून 15 मिनिटं आणि ठिकाण ठाणे, एवढंच फळ्यावर लिहिलं होतं.

त्या वेळी ठाण्याच्या पूर्व क्षितिजावर मेष राशीचा साधारण साडेसत्ताविसावा अंश उगवत होता. म्हणजे लग्न मेष, पण संपत आलेलं. रवी मेषेतच, 11 अंशांवर. रवीचं परमोच्च मेषेच्या 10 अंशांवर मानतात, तेव्हा हा रवी जवळजवळ शिखरावर बसलेला. शिक्षिकाबाईंनी आधी पारंपरिक पद्धतीचा अभ्यास केला होता. त्या लगेच म्हणाल्या, "लग्नी उच्चीचा रवी! मुलगा अधिकारी होणार." सर हसले आणि म्हणाले, "बाई, रवी लग्नात नाहीये. बाराव्यात आहे."

दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं. पारंपरिक लग्नकुंडलीत राशी म्हणजेच स्थान. लग्नाचा बिंदू ज्या राशीत पडला ती आख्खी रास पहिलं स्थान, पुढची दुसरं, त्याच्या पुढची तिसरं. लग्न मेषेच्या पहिल्या अंशावर असो की एकोणतिसाव्या, मेषेतला प्रत्येक ग्रह तनुस्थानातच धरायचा. पाश्चात्त्य ज्योतिषी हल्ली यालाच 'होल साइन' म्हणतात. कृष्णमूर्ती पद्धतीत मात्र साडेसत्ताविसावा अंश हाच पहिल्या स्थानाचा आरंभ. त्याच्या अलीकडचं सगळं बाराव्याचं.

मद्रासचे के. एस. कृष्णमूर्ती (1908–1972) यांनी राशी आणि नक्षत्रं भारतीय ठेवली, पण भावारंभ काढण्यासाठी प्लॅसिडस या सतराव्या शतकातल्या इटालियन साधूच्या नावाची पद्धत घेतली. त्यांच्या पद्धतीत भावारंभाचा अंश कोणत्या नक्षत्रात आणि त्याच्या कोणत्या उपविभागात पडतो यावर सगळा भर आहे, त्यामुळे भावारंभ नेमका काढणं भागच होतं. इंग्लंडमधल्या रॅफेलच्या नावाने निघणारी भावांची कोष्टकं त्यासाठी आयती मिळत. ठाणे-डोंबिवली पट्ट्यात 'केपी'वाले भरपूर असल्याने एकाच घरात दोन पत्रिका आणि दोन निकाल, हा प्रकार इथे नवा नाही.

प्लॅसिडसचं गणित कोष्टकात पाहिलं तर भीती वाटते, पण त्यामागची कल्पना पंचांग वाचणाऱ्याला लगेच कळावी. राहुकाळ काढताना आपण दिनमानाचे आठ भाग करतो. इथे सहा करायचे. त्या दिवशी ठाण्यात सव्वासहाच्या सुमारास सूर्य उगवला आणि दिनमान होतं साडेबारा तासांहून थोडं जास्त. त्याचा सहावा भाग साधारण 2 तास 6 मिनिटं. उगवल्यापासून पहिले 2 तास 6 मिनिटं रवी बाराव्यात, पुढचे तेवढेच अकराव्यात, मग दहाव्यात. दहाव्याच्या आरंभबिंदूवर तो बरोबर मध्यान्हाला पोहोचतो. ठाण्याचा तो मध्यान्ह घड्याळाच्या बाराला नव्हे, 12 वाजून 36 मिनिटांच्या आसपास होता, कारण आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं आणि ठाणं त्याच्या बरंच पश्चिमेला. दुपारनंतर नववं, आठवं, सातवं, की सूर्यास्त. क्रांतिवृत्तावरच्या प्रत्येक अंशाला हाच नियम लावायचा: तो अंश क्षितिजाच्या वर जितका वेळ असतो त्याचे सहा भाग आणि खाली असतो त्याचे सहा. म्हणून प्लॅसिडसची स्थानं वेळेने सारखी असली तरी अंशांनी सारखी नसतात.

आमच्या कुंडलीत ते स्पष्ट दिसत होतं. दहाव्याचा आरंभ मकरेच्या 16 अंशांवर, अकराव्याचा कुंभेच्या 16 वर, बाराव्याचा मीनेच्या 21 वर आणि लग्न मेषेच्या साडेसत्तावीसवर. बारावं स्थान 36 अंशांहून मोठं, तर दुसरं जेमतेम 25 अंशांचं. ठाणं विषुववृत्तापासून फक्त 19 अंशांवर आहे, तरी एवढी तफावत पडते. याच सांपातिक काळाला लंडनसाठी गणित केलं तर बारावं स्थान सुमारे 54 अंशांचं होतं आणि पहिलं 19 अंशांचं उरतं. नॉर्वेच्या उत्तर टोकाला नोकरीसाठी गेलेल्या मराठी घरात मूल झालं तर हे गणित चालतच नाही. साडेसहासष्ट अक्षांशापलीकडे क्रांतिवृत्ताचे काही अंश कधी उगवत नाहीत आणि काही मावळत नाहीत. जो अंश उगवतच नाही त्याच्या दिनमानाचे सहा भाग कसे करणार? 'राशी म्हणजे स्थान' ही पद्धत तिथेही निमूटपणे उत्तर देत राहते.

आता रवीकडे परत येऊ. 25 एप्रिलला मेष लग्न लागलं पहाटे पावणेसहाच्या जरा आधी आणि संपलं 7 वाजून 25 मिनिटांच्या सुमारास. पारंपरिक कुंडलीत हा सगळा वेळ रवी पहिल्या स्थानात. प्लॅसिडसमध्ये सूर्योदय होताक्षणी तो बाराव्यात. म्हणजे सव्वासहा ते 7:25 या तासाभराहून जास्त अवधीत जन्मलेल्या प्रत्येक मुलाचा रवी एका पत्रिकेत तनुस्थानी आणि दुसरीत व्ययस्थानी. 7:25 नंतर वृषभ लग्न लागतं आणि दोन्ही पद्धती बाराव्यावर एक होतात. पण तेही तात्पुरतंच. 8:20 च्या सुमारास प्लॅसिडसचा रवी अकराव्यात जातो, तर पारंपरिक कुंडलीत मिथुन लग्न लागेपर्यंत, म्हणजे जवळजवळ साडेनऊपर्यंत, तो बाराव्यातच बसून असतो. ग्रह स्थान बदलतो तेव्हा नेमकं हेच घडत असतं: दोन पद्धतींच्या सीमा वेगवेगळ्या वेळी त्याच्यावरून सरकतात. लग्न राशीच्या आरंभी असेल तर फरक कमी ग्रहांना पडतो, शेवटी असेल तर निम्मी पत्रिका हलते.

वर्गात खरा घोळ झाला तो कागदावर मांडताना. आपल्याकडच्या चौकटीत वरच्या मधल्या घरात लग्न आणि प्रत्येक घरात राशीचा आकडा लिहितात. लग्नकुंडलीत 1 ते 12 आकडे एकेकदाच येतात आणि ग्रह आपल्या राशीच्या आकड्याशेजारी बसतो. केपीच्या निरयन भावचलित कुंडलीत घरात आकडा लिहितात तो भावारंभाच्या राशीचा. बाराव्याचा आरंभ मीनेत, म्हणून तिथे 12, आणि रवी त्या घरात मांडला. डोंबिवलीच्या तरुणाने विचारलं, "सर, उच्चीचा रवी मीनेत गेला कसा?" तो गेला नव्हताच. रास बदलत नाही. रवी मेषेतच, अश्विनी नक्षत्रातच, 11 अंशांवरच आहे, फक्त त्याचं घर बदललंय. पुष्कळ लोक घरी आणलेल्या छापील पत्रिकेत दोन चौकटी पाहून इथेच गोंधळतात. म्हणून सर ग्रहाच्या शेजारी त्याची रास आणि अंश लिहायला लावतात. ही सवय चांगली आहे.

तिसरी चौकटही त्या दिवशी निघाली. श्रीपतीची भावचलित. अकराव्या शतकातला हा गणिती आपल्याच मुलखातला, आजच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या रोहिणखेडचा मानतात. त्याच्या पद्धतीत लग्नाचा अंश हा भावाचा आरंभ नसून मध्य. त्यामुळे पहिल्या स्थानाचा निम्मा भाग क्षितिजाच्या वर येतो. आमच्या कुंडलीत श्रीपतीच्या हिशेबाने बाराव्या-पहिल्याची संधी मेषेच्या साडेदहा अंशांवर पडली आणि रवी 11 वर. अर्ध्या अंशाने तो पहिल्यात राहिला! जन्मवेळ दोन-तीन मिनिटांनी पुढे गेली असती तर तो संधी ओलांडून बाराव्यात पडला असता. रुग्णालयाच्या नोंदीतली वेळ पाच मिनिटांच्या पटीत लिहिलेली असते हे लक्षात घेतलं, तर अशा ग्रहावर कुणी छातीठोकपणे बोलू नये.

संगणकाच्या पत्रिकेत चूक होते ती बहुधा इथेच. पद्धत प्लॅसिडस निवडलेली असते, पण 'भावारंभ' ऐवजी 'भावमध्य' हा पर्याय लागलेला राहतो आणि सगळी स्थानं अर्ध्या घराने सरकतात. ओळखायचा सोपा उपाय रवीच देतो. दिवसा जन्मलेल्या माणसाचा रवी केपीच्या कुंडलीत सात ते बारा यांतच हवा, रात्री जन्मलेल्याचा एक ते सहा यांत. तसं नसेल तर भावमध्याचा पर्याय लागलाय किंवा सकाळ-संध्याकाळची गल्लत झालीय. पारंपरिक लग्नकुंडलीला ही कसोटी लावू नका. तिथे सूर्योदयानंतर तासभर रवी पहिल्यात राहणं हा दोष नव्हे, ती पद्धतच तशी आहे.

मग खरं स्थान कोणतं? सव्वासातला खिडकीतून पाहिलं तर सूर्य क्षितिजाच्या चांगला वर असतो, आणि 'क्षितिजाच्या वर की खाली' एवढाच प्रश्न असेल तर प्लॅसिडस डोळ्यांना दिसतं तेच सांगतो. पण मुलगा अधिकारी होणार की परदेशी जाणार, हे त्यातून ठरत नाही. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी पुण्यात घेतलेल्या चाचणीत 27 ज्योतिषांनी प्रत्येकी 40 पत्रिकांवरून मूल हुशार की मतिमंद हे सांगितलं. बरोबर उत्तरं 46 टक्के आली, म्हणजे छापा-काट्याहून जास्त नाहीत. शिक्षिकाबाईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "त्यांनी भाव कुठल्या पद्धतीने काढले होते?" प्रश्न अगदी गैर नाही, पण उत्तर देण्याची जबाबदारी पद्धत वापरणाऱ्यांची आहे.

पत्रिका करून घेणाऱ्यांना एवढंच सांगेन. भाव कोणत्या पद्धतीने काढले, लग्नाचा अंश हा आरंभ धरला की मध्य, आणि कोणता ग्रह सीमेपासून अंशभरात आहे, या तीन गोष्टी पत्रिकेवरच लिहून मागा. दुसऱ्या ज्योतिषाने वेगळं घर सांगितलं तर आधीच्याला खोटं ठरवण्यापूर्वी तो कागद काढून पाहा.