पोट बाहेर काढून जेवणारा

बंद शिंपला नुसत्या बोटांनी उघडायला गेलो तर नखे तुटतात, शिंपला उघडत नाही. त्याला सुरीच लागते. उत्तर अटलांटिकच्या किनाऱ्यांवर सर्रास आढळणाऱ्या तारामाशाचे, म्हणजे ॲस्टेरियास रुबेन्सचे, मुख्य खाणेच हे शिंपले. आपल्या शिणाण्यांच्या कुळातले, काळपट निळे. त्याच्याकडे ना नांगी, ना दात. आहेत ते शेकडो पाय आणि बाहेर काढता येणारे पोट.

पाय बघायचे तर तारामासा उलटा करावा लागतो. प्रत्येक भुजेच्या मधोमध एक खोबण असते. तिच्यात चार रांगांत बारीक, मऊ, पारदर्शक नळ्या वळवळताना दिसतात. हेच नलिकापाद. प्रत्येकाच्या वरच्या टोकाला, शरीराच्या आत, पाण्याने भरलेली एक इवली पिशवी असते. ड्रॉपरचा रबरी फुगा दाबावा तशी ती आवळली की पाणी खाली जाते आणि पाय लांब होतो. पाणी मुख्य नळीत मागे फिरू नये म्हणून मध्ये झडप असते. पायाच्या भिंतीतले उभे स्नायू आखडले की पाणी पुन्हा पिशवीत चढते आणि पाय आखूड होतो. एका बाजूचे स्नायू जास्त आखडले तर पाय त्या बाजूला वाकतो. चालणे म्हणजे एवढेच: पाय लांबवायचा, टेकवायचा, त्यावर अंग पुढे ढकलायचे, सोडवायचा. सगळे पाय एका तालात पडत नाहीत. मेंदू नसतोच. एखादी भुजा पुढारीपण घेते आणि बाकीच्यांचे पाय तिच्या दिशेने कलतात.

पायाच्या टोकाला चकती असते. त्यामुळे हे पाय हवा शोषून चिकटतात, असे बरीच वर्षे सांगितले गेले. ते पूर्णपणे पटण्यासारखे नाही, कारण भोके पाडलेल्या पृष्ठभागावरही ते घट्ट धरतात आणि तिथे शोषण होणारच नाही. मुख्य काम गोंदाचे आहे. चकतीतल्या पेशी प्रथिनांचा चिकट थर सोडतात; पाय उचलायची वेळ आली की दुसऱ्या पेशींचा स्राव ती पकड सोडवतो. गोंद मात्र खाली राहतो. तारामासा काचेवरून गेला आणि मग काचेला योग्य तो रंग लावला, तर गोल गोल पावलांचे ठसे उमटतात.

आता शिंपला. तारामासा त्याच्यावर कुबड काढून बसतो आणि शिंपल्याची उघडणारी कड आपल्या तोंडाकडे, म्हणजे अंगाच्या खालच्या बाजूला, येईल असा त्याला फिरवतो. दोन्ही शिंपांना पाय चिकटवून तो त्या विरुद्ध दिशांना ओढू लागतो. शिंपल्याचे स्नायू दमदार असतात, त्यामुळे हा काही झटक्यात होणारा प्रकार नव्हे. ओढ चालू राहते आणि कधीतरी कडेला फट पडते. ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी असली तरी चालते. शिंपला सताड उघडायची गरजच नसते आणि सगळी गोम इथेच आहे.

तारामाशाच्या जठराचे दोन भाग असतात. तोंडालगतचा भाग सैल आणि घड्यांचा. त्याच्या भिंतीतले स्नायू सैलावले की तो उलटा होऊन तोंडावाटे बाहेर पडतो, आणि पातळ पडद्यासारखा त्या फटीतून आत शिरतो. तिथे पाचक रस शिंपल्याच्या मांसाचा रस्सा करायला लागतात. स्नायूंवरही त्यांचा परिणाम झाला की शिंपला आपोआप उघडा पडतो. अर्धवट पचलेला रस आत ओढला जातो आणि पुढचे पचन भुजांमधल्या ग्रंथींत होते. हे जेवण कित्येक तास चालते. जेवताना त्याला उचलले तर तोंडाशी लोंबणारे फिकट जठर दिसते. ते लगेच आत जात नाही, हळूहळू ओढले जाते.

ते आत ओढायचा हुकूम कोण देते? लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील संशोधकांनी 2013 मध्ये याच जातीत चेतापेशींमधला एक छोटा रेणू शोधला. तो टोचला की बाहेर आलेले जठर आखडून आत जाते. उलट काम करणारे, म्हणजे जठर सैल करणारे, रेणू आधीपासून माहीत होते.

कोकणच्या वाळूत सापडणाऱ्या ॲस्ट्रोपेक्टेन जातीच्या तारामाशांना मात्र यातले काहीच जमत नाही. त्यांच्या पायांना चकती नसते, टोके निमुळती असतात. खडकाला चिकटण्याऐवजी ते वाळूत रुतून चालतात. जठरही बाहेर येत नाही. लहान गोगलगायी आणि शिंपले ते अख्खेच गिळतात. गुदद्वारही नसल्यामुळे मांस पचले की रिकामे कवच आले त्याच वाटेने, तोंडातून, बाहेर टाकतात.