टीव्ही देण्याआधी त्यातली खाती काढा

दिवाळीत नवा टीव्ही आला की जुना एक्सचेंजमध्ये जातो, ओएलएक्सवर विकला जातो किंवा गावी भावाकडे पाठवला जातो. जुन्या टीव्हीत आपलं गूगल खातं, नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ आणि घरच्या वाय-फायचा पासवर्ड तसाच असतो. तो काढून घेतला नाही, तर नवा मालक आपल्या खात्यातून सिनेमे पाहतो, आपल्या यूट्यूबच्या यादीत त्याचे व्हिडिओ मिसळतात. पैसे भरण्यासाठी पिन लावलेला नसेल, तर आपल्या कार्डावरून सिनेमाही भाड्याने घेता येतो.

आपण टीव्हीवर एकदा लॉगिन केलं, की कंपनी त्या टीव्हीला एक डिजिटल किल्ली देते. पुढे पासवर्ड न विचारता अॅप उघडतं, ते या किल्लीमुळे. ही नोंद दोन ठिकाणी राहते. किल्ली टीव्हीत असते आणि ती कुणाला दिली याची नोंद कंपनीच्या सर्व्हरवर. शिवाय प्रत्येक अॅपची किल्ली वेगळी. टीव्हीतून गूगल खातं काढलं म्हणून नेटफ्लिक्स बंद होत नाही.

समजा, पुण्यातल्या एका घरातला ४३ इंची गूगल टीव्ही साताऱ्याला पुतण्याकडे जायचा आहे. इंटरनेट चालू असतानाच नेटफ्लिक्स, प्राइम, जिओहॉटस्टार अशा एकेका अॅपमध्ये जाऊन साइन आउट करावं. नेट चालू असलं म्हणजे अॅप आपल्या कंपनीला कळवतं आणि तिथली नोंदही पुसली जाते. मग मागे लावलेला पेनड्राइव्ह आणि फायर टीव्ही स्टिक काढून घ्यावी. स्टिक हे स्वतंत्र यंत्र आहे. त्यातलं खातं टीव्ही पुसल्याने जात नाही.

आता टीव्ही पुसायचा. बहुतेक गूगल टीव्हीवर Settings, System, About असं जात Factory reset हा पर्याय सापडतो. कंपनीनुसार वाट थोडी बदलते. जुन्या अँड्रॉइड टीव्हीवर तो Device Preferences मध्ये असतो. सगळं पुसण्याची खात्री विचारल्यावर होकार द्यावा आणि टीव्ही आपोआप पुन्हा सुरू होईपर्यंत मेन स्विचला हात लावू नये. मध्येच वीज गेली तर सॉफ्टवेअर बिघडू शकतं, म्हणून लोडशेडिंगची वेळ टाळावी.

काम नीट झालं की नाही, हे पडदाच सांगतो. टीव्ही चालू होऊन भाषा निवडायला किंवा रिमोट जोडायला सांगू लागला, तर तो कोरा झाला. नेहमीची होम स्क्रीन आणि तीच अॅप दिसली, तर रिसेट झालेलाच नाही. भाषेच्या पडद्यावर पोचल्यावर तिथेच थांबावं. ‘चालतो की नाही बघू’ म्हणून पुन्हा आपलं खातं टाकलं, तर सगळी मेहनत वाया. टीव्ही त्याच अवस्थेत बंद करून रिमोटसह द्यावा.

खरी अडचण येते ती टीव्ही चालूच होत नसेल तेव्हा. पडदा फुटला म्हणून आपण तो भंगारात देतो, पण फुटलेला असतो तो पॅनेल. किल्ल्या असतात त्या मागच्या मदरबोर्डवर, आणि तो बहुधा शाबूत असतो. दुरुस्ती करणाऱ्याने दुसरा पॅनेल बसवला की टीव्ही आपल्या खात्यांसह उघडू शकतो. अशा वेळी किल्लीपर्यंत आपला हात पोचत नाही, तेव्हा कंपनीकडची नोंद पुसायची.

हे काम मोबाइलवरून होतं. नेटफ्लिक्सच्या संकेतस्थळावर खात्यात Manage access and devices नावाचं पान आहे. तिथे जोडलेली उपकरणं दिसतात. त्यातला तो टीव्ही ओळखून साइन आउट करावा. प्राइम व्हिडिओच्या सेटिंगमध्ये Your Devices खाली Deregister असतं. गूगलसाठी myaccount.google.com वर Security मध्ये Your devices पाहावं. टीव्ही यादीतून काढल्यावर लगेच बंद होईलच असं नाही, थोडा वेळ लागू शकतो. शेवटी घरच्या राउटरचा वाय-फाय पासवर्ड बदलावा, कारण तो त्या बोर्डावर अजून आहे आणि कंपनीकडे जाऊन तो पुसता येत नाही.

टीव्ही आधीच देऊन झाला असेल, तरी हाच मार्ग लागू पडतो. नेटफ्लिक्समध्ये आपण न पाहिलेली मालिका अर्धवट पाहिलेली दिसू लागली, तर आधी उपकरणांची यादी उघडावी. त्यात जुन्या टीव्हीचं नाव असेल, तर तो तिथूनच साइन आउट करावा आणि मग पासवर्ड बदलावा.