सगळे कपडे मशीनमध्ये एकदम का टाकू नयेत? रंग, लिंट आणि वजनाचं गणित

जुलै महिन्यात दापोली तालुक्यातल्या बुरोंडीत कपडे धुणं तसं सोपं असतं, कठीण असतं ते वाळवणं. समुद्राकाठची दमट हवा, त्यात दिवसदिवस पाऊस. पडवीत बांधलेल्या दोरीवर आज टाकलेला टॉवेल उद्याही ओलाच लागतो. त्यामुळे एखादा कपडा खराब निघाला म्हणून पुन्हा धुवायला घेणं परवडत नाही. हा खराबा बहुतेकदा मशीन सुरू होण्याआधीच, कपड्यांचा ढीग एकत्र आत टाकताना झालेला असतो.

समजा, चौघांच्या घरातला दोन दिवसांचा ढीग असा आहे: शाळेचे दोन पांढरे शर्ट, दोन बनियन, दोन टर्किश टॉवेल, फिक्या रंगाची चादर, जीन्स, काळी लेगिंग, पॉलिस्टरचे तीन गडद टी-शर्ट आणि नवा लाल सुती गाऊन. सगळं मिळून सुक्या कपड्यांचं वजन साधारण चार किलो भरेल. मशीन सात किलोचं असेल तर हे सगळं एका फेरीत सहज मावतं. फसगत होते ती इथेच. सात किलो ही फक्त वजनाची मर्यादा आहे, कोणता कपडा कोणाशेजारी चालेल हे त्यातून कळत नाही.

रंगाचं बहुतेकांना ठाऊक असतं. नवा लाल, मरून, काळा सुती कपडा पहिल्या काही धुण्यांत जादा रंग सोडतो. शंका असेल तर आतली शिवण ओली करून त्यावर पांढरं फडकं दाबून धरा. डाग उमटला तर तो कपडा वेगळा. डाग नाही उमटला तरी पूर्ण खात्री मात्र मिळत नाही, कारण कोमट पाण्यात तासभर राहिल्यावर रंग सुटू शकतो. लाल गाऊन पहिले दोन-तीन वेळा हातानेच धुतलेला बरा. तरीही पांढऱ्या शर्टावर रंग लागलाच, तर तो वाळू देऊ नका, इस्त्री तर नकोच. ओला असतानाच पुन्हा धुवा.

दुर्लक्ष होतं ते लिंटकडे. लिंट म्हणजे कपड्यातून सुटणारे बारीक तंतू. टर्किश टॉवेलवर धाग्यांचे उभे फासे असतात. घासणीत त्यातले आखूड, सैल तंतू निघून पाण्यात तरंगतात. नवा टॉवेल सर्वात जास्त तंतू सोडतो, तर साधा पंचा फारच कमी. हे तंतू जाऊन बसतात लेगिंग, पॉलिस्टरचे टी-शर्ट, मखमल किंवा कॉर्डरॉयवर. म्हणून वाटणी करताना प्रत्येक कपड्याला एकच प्रश्न विचारायचा: हा तंतू देणारा की घेणारा? दोघं एका फेरीत नकोत. घेणारे कपडे उलटे करून टाकले की निदान बाहेरची बाजू वाचते. खिशात विसरलेला टिश्यू पेपर मात्र दहा टॉवेलांना भारी पडतो.

काळ्या लेगिंगवर पांढरे तंतू दिसलेच, तर लगेच पुन्हा धुऊ नका. पूर्ण वाळल्यावर झटका, उरलेले चिकटपट्टीने उचला. आणि मशीनमधली लिंटची जाळी साफ करा. ती भरलेली असेल तर तंतू पुन्हा कपड्यांवरच येतात.

तिसरा मुद्दा वजनाचा. ओला टॉवेल भरपूर पाणी धरतो. एकच टॉवेल हलक्या कपड्यांत असेल तर स्पिनच्या वेळी भार एका बाजूला जातो, मशीन दणदण हलतं, काही मशीनच्या पडद्यावर `UE` दिसतं आणि फिरणं थांबतं. मग कपडे नीट पिळलेच जात नाहीत. पावसाळ्यात याचा अर्थ आणखी एक दिवस दोरीवर आणि वर कुबट वास.

आता वरचा ढीग वाटू. शर्ट आणि बनियन ही पहिली फेरी. गडद टी-शर्ट, लेगिंग आणि जीन्स ही दुसरी. जीन्स जड आहे, पण टॉवेलांबरोबर टाकली तर तंतू घेईल, म्हणून ही तडजोड. तिची चेन लावा आणि ती उलटी करा. दोन्ही टॉवेल आणि चादर तिसऱ्या फेरीत. चादर घडी न करता सैल टाका, नाहीतर ती टॉवेलांभोवती गुंडाळली जाते.

सेमी-ऑटोमॅटिक मशीनमध्ये पाणी वाचवण्यासाठी बरेच जण तेच साबणाचं पाणी पुढच्या फेरीला वापरतात. तेव्हा क्रम पांढरे, मग गडद आणि शेवटी टॉवेल असा ठेवावा. जीन्सचा निळा रंग सुटत असेल तर फिक्या चादरीसाठी पाणी बदलावंच लागेल. टॉवेल मधे आले, तर त्यांचे तंतू लेगिंगपर्यंत पोहोचलेच म्हणून समजा.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर असतात. ऑगस्टमध्ये त्या समुद्रात गेल्या की ढिगात बोटीवरचे कपडे येतात. खवले आणि खारं पाणी आधी बादलीत झटकून, खळबळून काढावं आणि त्यांची फेरी सर्वात शेवटी, स्वतंत्र लावावी.