चौकटीतलं अक्षर: फॉर्म भरण्याआधी एक छोटा प्रयोग

संशोधनाच्या वाटेवर पाऊल टाकलं की पहिली भेट संशोधनाशी होत नाही, फॉर्मशी होते. नोंदणीचा फॉर्म, फेलोशिपचा फॉर्म, बँक तपशिलाचा फॉर्म, पॅनचा फॉर्म. ऑनलाइन कितीही झालं तरी कुठेतरी एक कागद येतोच, आणि त्यावर बारीक बारीक चौकटी असतात. वर लिहिलेलं असतं, ‘मोठ्या लिपीत भरा’.

माझी गोष्ट सांगतो. नोंदणी झाल्यावर मी बँक तपशिलाचा एक फॉर्म भरून दिला. खाते क्रमांकात एक हा अंक होता. लहानपणापासून मराठी शाळेत शिकलेला हात, घाईत तो अंक मराठी वळणाने पडला: वर गोल डोकं, खाली शेपटी. टायपिंग करणाऱ्याने तो इंग्रजी नऊ वाचला. पैसे परत गेले, आणि चूक कुठे झाली हे कळेपर्यंत दीड महिना गेला. त्या दीड महिन्याचं खोलीभाडं मित्राकडून उसनं घेतलं. चूक टाइप करणाऱ्याची नव्हती. त्याच्या जागी तुम्ही असता तरी नऊच वाचला असता.

तेव्हापासून मी या विषयाकडे जरा संशोधकाच्या नजरेने पाहतो.

चौकट काय हिरावून घेते?

आपण एरवी अक्षरं सुटी सुटी वाचत नाही, शब्दाच्या आधाराने वाचतो. मानसशास्त्रात यावर जुनं काम आहे. १९६९ मध्ये जेराल्ड रायकर यांनी लोकांना क्षणभर कधी एकटं अक्षर, तर कधी शब्दात बसलेलं अक्षर दाखवलं आणि मग दोन पर्यायांतून ‘कोणतं पाहिलं?’ असं विचारलं. शब्दात बसलेलं अक्षर लोकांनी जास्त अचूक ओळखलं. म्हणजे आजूबाजूची अक्षरं वाचणाऱ्याला मदत करतात.

आता आपल्या गावाचं नाव घ्या. आरमोरीच्या पोस्टात बसलेल्या माणसाला ‘आरमोरी’ कसंही लिहून द्या, तो वाचतो, कारण हे नाव त्याच्या डोक्यात आधीच आहे. पण तोच फॉर्म पुण्या-मुंबईच्या कार्यालयात गेला, की वाचणाऱ्याच्या डोक्यात ते नाव नसतं. शब्दाचा आधार गेला. आडनाव, गावाचं नाव, खाते क्रमांक यांत तर ‘हेच असणार’ असा अंदाज करायला काहीच नसतं. म्हणून चौकटीत लिहिताना एकच कसोटी धरा: शेजारची सगळी अक्षरं झाकली, तरी हे एक अक्षर एकट्याने ओळखू यायला हवं. बाकीचं सगळं यातूनच निघतं.

आधी जागा मोजा

फॉर्म ४९ए, म्हणजे वर्षानुवर्षे चालत आलेला पॅनचा फॉर्म, त्याच्या सूचना आठवा. एका चौकटीत एकच अक्षर, आणि प्रत्येक शब्दानंतर एक चौकट रिकामी. ही रिकामी चौकट पुष्कळ लोक खाऊन टाकतात आणि दोन शब्दांचा एकच शब्द होतो.

समजा, पत्त्याच्या ओळीत २५ चौकटी आहेत. ‘मु. पो. आरमोरी, ता. आरमोरी’ हे इंग्रजीत असं बसतं:

```
|A|T| |P|O|S|T| |A|R|M|O|R|I| |T|A|L| |A|R|M|O|R|I|
```

मोजून पाहा. अक्षरं २१, रिकाम्या चौकटी ४, एकूण बरोबर २५. एकही शिल्लक नाही. हे पेन उचलण्याआधी मोजलं नसतं आणि कुठे एक टिंब किंवा स्वल्पविराम घातला असता, तर शेवटचं ‘आय’ चौकटीबाहेर गेलं असतं. मग माणूस काय करतो? शेवटची दोन अक्षरं एकाच चौकटीत कोंबतो. तिथेच घोटाळा होतो. म्हणून आधी पेन्सिलीने झेरॉक्स प्रतीवर बसवून पाहा. शब्द बसत नसेल तर तो मध्ये तोडू नका, अख्खा पुढच्या ओळीत न्या.

अक्षर चौकटीच्या साधारण तीन-चतुर्थांश उंचीचं ठेवा आणि चारही बाजूंना थोडी पांढरी जागा राहू द्या. रेघेला टेकलेलं अक्षर रेघेचाच भाग वाटतं. ‘सी’ची उघडी बाजू चौकटीच्या उजव्या रेघेला चिकटली की ती स्कॅनमध्ये ‘ओ’सारखी दिसते. काही फॉर्मवर चौकटी फिक्या गुलाबी किंवा हिरव्या रंगात छापलेल्या असतात, कारण स्कॅनर तो रंग गाळून टाकतो आणि फक्त तुमची काळी शाई ठेवतो. तुमचा फॉर्म मात्र झेरॉक्सचा असेल, तर चौकट काळीच आहे आणि गाळली जाणार नाही. तिथे अंतर ठेवणं दुप्पट गरजेचं. साधा काळा बॉलपेन घ्या. पातळ कागदावर जेल पेन पसरतं आणि बंद होऊ नये ती पोकळी बंद करतं.

‘आरमोरी’तली पाच अक्षरं

आपल्या तालुक्याच्या नावात पाच वेगळी अक्षरं आहेत आणि गंमत म्हणजे पाचही गोंधळाची आहेत. एवढी पाच जमली तर निम्मं काम झालं.

‘ए’चं टोक टोकदार हवं. टोक गोल केलं आणि आडवी रेघ खाली घसरली की ते ‘आर’सारखं दिसतं. ‘आर’ काढताना आधी डावा सरळ खांब काढा, मग वरचं पोट खांबाला नीट मिळवा, आणि तिरका पाय त्या जोडावरून खाली सोडा. ‘एम’ला चार रेघा आहेत, ‘एन’ला तीन. घाईत ‘एम’ची मधली दरी उथळ होते आणि लांबून ते ‘एन’ वाटतं. दरी निदान अर्ध्या उंचीपर्यंत खाली न्या. ‘ओ’ जिथून सुरू केला तिथेच बंद करा, आणि डाव्या बाजूला कोपरा येऊ देऊ नका, नाहीतर तो ‘डी’ होतो.

राहिलं ‘आय’. आपल्या हाताची खोड इथे दिसते. देवनागरीच्या सवयीने आपण वर शिरोरेघ ओढतो आणि खाली काही देत नाही. झालं ‘टी’! ‘आय’ला वर आणि खाली, दोन्हीकडे छोटी आडवी रेघ द्या. मग एक हा अंक मात्र नुसता सरळ दांडा ठेवा, म्हणजे दोघांत गोंधळ होत नाही. दांड्याला वर लांब नाक काढलं तर तो सात वाटतो.

अंकांची गोष्ट वेगळी

अक्षर चुकलं तर निदान शब्द विचित्र दिसतो. अंक चुकला तर काहीच विचित्र दिसत नाही. आरमोरीचा पिनकोड घ्या:

```
|4|4|1|2|0|8|
```

इंग्रजी चार वरून बंद केला की नऊ वाटतो. दुसरा चार नऊ वाचला गेला, तर पिनकोडची सुरुवात ४९ ने होते, आणि ४९ ही सुरुवात छत्तीसगडची आहे. म्हणून चार वरून उघडा ठेवा. मराठी चार लिहिला तर तो इंग्रजी आठ दिसतो. मराठी एक इंग्रजी नऊ दिसतो, ते मी भोगलंच आहे. इंग्रजी फॉर्म भरताना अंकही सुरुवातीपासून शेवटपर्यंत इंग्रजीच.

काही क्रमांकांना स्वतःचं संरक्षण असतं. आधारच्या १२ अंकांतला शेवटचा अंक हा बाकीच्या अंकांवरून व्हेरहॉफ पद्धतीने काढलेला तपासणी अंक आहे. कुठलाही एक अंक चुकला, किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर संगणकाला ते लगेच कळतं. आयएफएससीमध्ये ११ चिन्हं असतात आणि पाचवं नेहमी शून्य असतं. त्यामुळे तिथे ‘ओ’ की शून्य हा प्रश्नच उरत नाही. पॅनमध्ये आधी पाच अक्षरं, मग चार अंक, मग एक अक्षर, म्हणून जागेवरूनच कळतं की हा ‘एस’ आहे की पाच.

मोबाईल नंबरला मात्र असा तपासणी अंक नाही. तिथे चुकलेला आकडाही कुणाचा तरी खरा नंबर असू शकतो. म्हणून फॉर्मवर सगळ्यात सावकाश काय लिहायचं असेल, तर खाते क्रमांक आणि मोबाईल नंबर. पासबुक समोर ठेवून लिहा, आणि लिहून झाल्यावर उलटीकडून, म्हणजे शेवटच्या अंकापासून, जुळवून पाहा. उलट वाचताना डोळा ओळखीच्या लयीत घसरत नाही.

आता प्रयोग

गणिताची चौकटींची वही घ्या. २६ अक्षरं आणि १० अंक, प्रत्येक तीन वेळा, असे १०८ घर भरा. क्रमाने नको, चिठ्ठ्या काढून येईल त्या क्रमाने, म्हणजे वाचणाऱ्याला अंदाज करता येणार नाही. त्या पानाची झेरॉक्स काढा, कारण कार्यालयातही पुष्कळदा प्रतच वाचली जाते. ती दोन जणांना वेगवेगळी द्या आणि दिसतं ते लिहायला सांगा. एकमेकांना विचारायचं नाही, तुम्हीही काही सुचवायचं नाही.

मग तक्ता करा: उभ्या बाजूला तुम्ही लिहिलेलं, आडव्या बाजूला त्यांनी वाचलेलं. फक्त चुका भरा. संशोधनात याला कन्फ्युजन मॅट्रिक्स म्हणतात. किती चुका झाल्या यापेक्षा कशाच्या जागी काय वाचलं हे तो दाखवतो. माझ्या तक्त्यात चार-नऊ आणि एम-एन या दोन जोड्या दोघांच्याही वाचनात आल्या. यू-व्ही फक्त एकाच्या वाचनात आली. दोघांनीही केलेली चूक बहुतेक माझ्या हाताची, एकाचीच असेल तर ती वाचणाऱ्याचीही असू शकते. मी आठवडाभर आधी त्या दोन जोड्याच गिरवल्या, बाकीच्या अक्षरांना हात लावला नाही.

या प्रयोगाला मर्यादा आहेत. खोलीतल्या मित्राला तुमचं अक्षर ओळखीचं असतं, त्यामुळे निदान एक वाचक अनोळखी शोधा. शिवाय तीन नमुने म्हणजे फार थोडे. एखादं अक्षर तीनही वेळा नीट वाचलं गेलं म्हणून ते नेहमीच वाचलं जाईल, असं म्हणता येत नाही.

शेवटचं एक. अक्षर कितीही स्वच्छ असलं तरी स्पेलिंग तुम्हालाच ठरवावं लागतं. वैरागड ‘व्ही’ने की ‘डब्ल्यू’ने? आडनावाचंही तसंच. दहावीच्या गुणपत्रिकेवर जे आहे, तेच प्रत्येक फॉर्मवर अक्षर न् अक्षर उतरवा. आणि चौकटीत चूक झालीच तर गिरवून दुरुस्त करू नका. गिरवलेला पाच सहाही दिसतो आणि आठही. दुसरा कोरा फॉर्म घ्या. मी आता नेहमी दोन घेतो.