एक्स-रे नवा, माणूस जुना

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे एनआयएचने, २०१७ मध्ये छातीच्या एक्स-रेंचा एक मोठा संग्रह संशोधकांसाठी खुला केला. ‘चेस्टएक्सरे-१४’ हे त्याचे नाव. त्यात १,१२,१२० चित्रे आहेत, पण माणसे फक्त ३०,८०५. म्हणजे सरासरी माणशी साडेतीनहून जास्त चित्रे. अनेकांचा एकच एक्स-रे आहे, तर पुन्हापुन्हा इस्पितळात यावे लागलेल्या काही रुग्णांचे शंभराहून अधिक आहेत.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या गटाने या संग्रहावर शिकवलेले ‘चेक्सनेट’ हे मॉडेल जाहीर केले. न्यूमोनिया ओळखण्यात ते रेडिओलॉजिस्टांच्याही पुढे आहे, असा दावा होता. निबंधाच्या पहिल्या आवृत्तीत लिहिले होते की सगळी चित्रे यादृच्छिकपणे वाटून ८० टक्के प्रशिक्षणाला आणि २० टक्के पडताळणीला ठेवली. ट्विटरवर एका वाचकाने लगेच विचारले : एकाच रुग्णाची चित्रे दोन्हीकडे गेली असतील, तर मॉडेल आजाराऐवजी त्या माणसाची छातीच पाठ करणार नाही का?

शंका किती रास्त होती, ते साध्या गणिताने कळते. एका बाईंचे चार एक्स-रे आहेत असे धरू. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे प्रत्येक चित्र ८० टक्के शक्यतेने प्रशिक्षणात जाते. त्यांचे एक चित्र पडताळणीत आले, तर उरलेली तिन्ही चित्रेही तिकडेच येण्याची शक्यता ०.२ × ०.२ × ०.२, म्हणजे हजारात आठ. उरलेल्या ९९२ वेळा मॉडेलने त्यांचे निदान एक तरी चित्र आधी पाहिलेले असते. दोनच चित्रे असलेल्या रुग्णाच्या बाबतीतही ही शक्यता ८० टक्के भरते. जितके एक्स-रे जास्त, तितकी ही गळती पक्की. आणि चाचणीत अशाच रुग्णांची चित्रे सर्वाधिक असतात.

पण एक्स-रेवरून माणूस खरोखर ओळखता येतो का? हाडांच्या करड्या सावल्यांत डॉक्टरांनाही सहसा ओळख पटत नाही. यंत्राला मात्र पटते. याच संग्रहावर जर्मनीतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांच्या मॉडेलला दोन एक्स-रे दाखवायचे आणि दोन्ही एकाच व्यक्तीचे आहेत का, एवढेच विचारायचे. शंभरातल्या ९५ हून अधिक जोड्यांत उत्तर बरोबर आले. गळपट्टीच्या हाडाचा बाक, फासळ्यांमधले अंतर, कण्याचा कल, जुन्या शस्त्रक्रियेतल्या तारा, पेसमेकर अशा खुणा महिनोन्‌महिने बदलत नाहीत.

या ओळखीला दुसरी गोष्ट येऊन मिळते : आजारही चिकटून राहतो. ज्याचे हृदय मार्चमध्ये मोठे दिसले, त्याचे जूनमध्येही बहुधा मोठेच दिसते. त्यामुळे माणूस ओळखला की उत्तर फुकट मिळते. जुना पेशंट दारात दिसताच नाडीही न पाहता गेल्या खेपेचीच गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरसारखे हे आहे. त्याची चिठ्ठी बऱ्याचदा बरोबर ठरेल. पण गावात नवा माणूस आला की त्याला काय येते आणि काय नाही, ते उघडे पडेल.

उपाय ऐकायला सोपा आहे. चित्रे वाटायची नाहीत, माणसे वाटायची. आधी ३०,८०५ रुग्णांच्या क्रमांकांची यादी घ्यायची, ती यादृच्छिकपणे विभागायची आणि मग प्रत्येकाची सगळी चित्रे त्याच्याबरोबर एकाच बाजूला पाठवायची. या संग्रहात ते सोयीचेही आहे, कारण 00000001_000.png अशा नावातले पहिले आठ आकडे रुग्णाचा क्रमांक सांगतात. पायथॉनच्या scikit-learn या संचात GroupShuffleSplit आणि GroupKFold ही साधने याचसाठी आहेत. चेक्सनेटच्या गटानेही नंतरच्या आवृत्तीत प्रशिक्षणात २८,७४४, पडताळणीत १,६७२ आणि चाचणीत ३८९ रुग्ण, अशी फोड दिली आणि या गटांत एकही रुग्ण सामाईक नाही, असे स्पष्ट लिहिले. तिन्ही आकड्यांची बेरीज बरोबर ३०,८०५ येते.

वाटणी झाल्यावर तपासणी एका ओळीची आहे : दोन्ही बाजूंच्या रुग्णक्रमांकांत सामाईक किती? उत्तर शून्यच हवे. याहून चलाख कसोटीही आहे. प्रत्येक रुग्णाला नाणे उडवून ‘आजारी’ किंवा ‘निरोगी’ असे खोटे लेबल द्यायचे आणि त्याच्या सगळ्या चित्रांना तेच लावायचे. आता शिकण्याजोगे वैद्यकीय काहीच उरले नाही, म्हणून मॉडेलचे उत्तर निम्म्या वेळाच बरोबर यायला हवे. चित्रनिहाय वाटणीत ते ७०-८० टक्क्यांवर गेले, तर ते माणसे ओळखते आहे, हे समजावे.

व्यवहारात अडचणी येतात. रुग्णांची वाटणी ८०-२० केली तरी चित्रांची तशीच होईल असे नाही. शंभर एक्स-रेवाले दोघे-तिघे एकीकडे गेले की पारडे झुकते. दुर्मीळ आजारात हे जास्त बोचते. या संग्रहात हर्नियाची नोंद अवघ्या २२७ चित्रांवर आहे आणि रुग्ण त्याहूनही कमी. निव्वळ नशिबावर सोडले, तर चाचणीत मोजके रुग्ण येतील आणि त्यावरून काढलेला आकडा भरवशाचा राहणार नाही. अशा वेळी रुग्ण न फोडता आजाराचे प्रमाणही दोन्हीकडे सारखे राखणारी StratifiedGroupKFold ही पद्धत वापरतात. दुसरी अडचण क्रमांकांची. एकाच माणसाची दोन इस्पितळांत, किंवा नावाच्या स्पेलिंगमधल्या फरकाने एकाच इस्पितळात, दोन वेळा नोंद झाली असेल, तर संगणकाच्या लेखी ती दोन माणसे असतात आणि सामाईक संख्या शून्य दाखवूनही गळती होते.

शिवाय रुग्ण वेगळे ठेवल्याने इस्पितळ वेगळे होत नाही. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी दाखवले की न्यूमोनिया शोधायला शिकवलेली मॉडेले आपल्या इस्पितळाबाहेरच्या चित्रांवर अनेकदा कमी पडतात, आणि एक्स-रे कोणत्या इस्पितळातला हे यंत्र जवळजवळ अचूक सांगू शकते. मॉडेल दुसऱ्या गावी वापरायचे असेल, तर वाटणीचा गट रुग्ण नव्हे, इस्पितळ असायला हवा.

म्हणजे गट कोणता, हे मॉडेल उद्या कोणासमोर उभे राहणार यावरून ठरते. बँकेला पहिल्यांदाच कर्ज मागायला येणाऱ्यांची पारख करायची असेल, तर एकाच ग्राहकाचे जुने व्यवहार दोन्हीकडे विखुरणे ही फसवणूक आहे. पण जे ग्राहक आधीपासून खात्यात आहेत, त्यांतले पुढच्या महिन्यात कोण हप्ता चुकवेल, असा प्रश्न असेल, तर त्यांची ओळख असणे गैर नाही. तिथे माणसांऐवजी तारखेने वाटावे, मार्चपर्यंतचे शिकायला आणि एप्रिलचे तपासायला. म्हणून ‘आमचे मॉडेल ९५ टक्के अचूक आहे’ असे कुणी सांगितले, की आधी विचारावे : चाचणीतली माणसे त्याने पूर्वी पाहिली होती का, आणि उद्या ज्यांच्यासाठी ते वापरणार, त्यांना तरी पाहिलेले असेल का? दोन्ही उत्तरे जुळली, तरच तो आकडा तुमच्या कामाचा.