नाव प्रकाशकाचं, गाणं कुठलं?

समजा, शाळेच्या गॅदरिंगचा वीस मिनिटांचा व्हिडिओ कुणी यूट्यूबवर चढवला. त्यात आठवीतला एक मुलगा स्टेजवर बसून गिटारवर जुन्या हिंदी गाण्यांच्या चाली एकामागून एक वाजवतोय. कुणी गात नाही, मागे रेकॉर्डही लावलेली नाही. दुसऱ्या दिवशी मेल येते की तुमच्या व्हिडिओवर कॉपीराइटचा दावा आला आहे. दावेदार म्हणून परदेशातल्या एका म्युझिक पब्लिशिंग कंपनीचं नाव दिसतं. गाण्याचं नाव मात्र मेलमध्ये कुठेच नाही. ‘या कंपनीचं गाणं आमच्या पोरानं वाजवलंच कधी?’ असं घरचे विचारतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. वाजवलेली सगळी गाणी तर हिंदी सिनेमातली.

अशा वेळी बहुतेक जण त्या कंपनीचं नाव गूगलवर टाकतात. तिथून हाती काही लागत नाही. सोनी म्युझिक पब्लिशिंग, युनिव्हर्सल म्युझिक पब्लिशिंग, वॉर्नर चॅपेल ही या धंद्यातली तीन मोठी नावं, आणि त्यांच्या एकेकाच्या यादीत लाखो गाणी आहेत. शिवाय दिसणारं नाव मूळ मालकाचं असेलच असंही नाही. अमेरिकेतल्या छोट्या प्रकाशकाचं काम इतर देशांत एखादी मोठी कंपनी बघते, आणि दावा तिच्या नावाने येतो. पण नुसत्या नावातून गाणं कळत नसलं, तरी शोध कुठल्या दिशेने घ्यायचा ते कळतं.

गाण्यावर दोन वेगवेगळे हक्क असतात. पहिला रचनेचा, म्हणजे चाल आणि शब्दांचा. दुसरा त्या रचनेच्या एका विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. आपल्या 1957च्या कॉपीराइट कायद्यातही साहित्यकृती, संगीतकृती आणि ध्वनिमुद्रण यांचा वेगवेगळा उल्लेख आहे. ध्वनिमुद्रण ही रेकॉर्ड कंपनीची मालमत्ता. रचनेचे हक्क सांभाळणारा, तिचे पैसे गोळा करून गीतकार-संगीतकारापर्यंत पोचवणारा तो प्रकाशक. मूळ रेकॉर्ड वाजली तर साधारणपणे दोघांचीही नावं दिसतात. एकट्या प्रकाशकाचं नाव आलं, तर पहिली शंका ही घ्यायची की दावा चालीवर आहे. यूट्यूबची कंटेंट आयडी ही यंत्रणा रेकॉर्डचा आवाज तर जुळवून बघतेच, पण चालही ओळखू शकते. त्यामुळे मुलानं गिटारवर वाजवलेली, बँडवाल्यांनी क्लॅरिनेटवर काढलेली किंवा हळदीला बायकांनी म्हटलेली चालही तिच्या तावडीत सापडते.

याला एक अपवाद लक्षात ठेवावा. हक्कांची मालकी देशागणिक वेगळी असते. एखाद्या रेकॉर्ड कंपनीने त्या देशात दावा लावायचाच नाही असं ठरवलं, तर मूळ रेकॉर्ड वाजूनही मागे प्रकाशकाचंच नाव उरतं. तेव्हा व्हिडिओत पार्श्वसंगीत म्हणून काही लावलं असेल, तर आधी ते तपासावं.

आपल्याकडच्या लोकांना ही भानगड नवखी वाटते, कारण हिंदी-मराठी सिनेमाच्या गाण्यांत रचना आणि ध्वनिमुद्रण हे दोन्ही हक्क बहुतेक वेळा एकाच म्युझिक कंपनीकडे असतात. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने सिनेमासाठी केलेल्या गाण्यांत निर्मात्याची बाजू उचलून धरली. पुढे 2012च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा सुरक्षित केला. तरीही नोटिशीत ओळखीच्या कॅसेट कंपनीचं नाव बघायचीच आपल्याला सवय आहे. म्हणून हिंदी गाण्याच्या व्हिडिओवर अनोळखी परदेशी प्रकाशकाचं एकट्याचं नाव आलं, की माझा संशय थेट एका जागी जातो: ही चाल मुळात कुठून आली?

आता गाणं शोधू. मेल बाजूला ठेवा, खरी माहिती यूट्यूब स्टुडिओत असते. संगणकावर studio.youtube.com उघडा आणि डावीकडच्या Content मध्ये जा. तुमच्या व्हिडिओसमोर Restrictions या रकान्यात Copyright असं लिहिलेलं दिसेल. त्यावर माउस नेला की See details येतं. ते उघडल्यावर कुठल्या कृतीवर दावा आहे तिचं नाव, व्हिडिओतली कुठून कुठपर्यंतची वेळ आणि दाव्याचा व्हिडिओवर होणारा परिणाम, हे सगळं दिसतं. या तिन्हींत माझा भरवसा वेळेवर जास्त. यंत्रणेला सापडलेली जागा तीच असते, आणि ती स्वतःच्या कानांनी तपासता येते.

आपल्या मुलाच्या व्हिडिओत ही वेळ समजा 7:40 ते 8:35 आहे. तिथे जाऊन ऐकलं तर तो ‘जब कोई बात बिगड जाए’ वाजवत होता. 1990च्या ‘जुर्म’ सिनेमातलं हे गाणं कुमार सानू आणि साधना सरगम यांनी गायलेलं आहे, शब्द इंदीवर यांचे आणि संगीत राजेश रोशन यांचं. नोटिशीत मात्र कृतीचं नाव आहे ‘500 Miles’. घरचे म्हणणार, हे दुसऱ्याच कुणाचं आहे, चुकून आपल्या गळ्यात मारलंय. चूक काढण्याआधी दोन्ही गाणी पाठोपाठ ऐकावीत. हेडी वेस्ट या अमेरिकन लोकगायिकेच्या नावावर असलेलं ‘500 Miles’ पीटर, पॉल अँड मेरी या त्रिकुटाने 1962 साली गाजवलं. मुखड्याची चाल ऐकताच कुणाच्याही लक्षात येते. शब्द हिंदी असले काय किंवा नसलेच काय, जुळवणाऱ्या यंत्राला त्याचं सोयरसुतक नाही. गिटारवर तर शब्द नव्हतेच.

इथेच पुढचा सापळा आहे. नुसतं ‘500 Miles’ शोधलं, तर सर्वांत वर बहुधा दुसरंच गाणं येईल. द प्रोक्लेमर्स या स्कॉटिश जोडीचं 1988चं ‘I'm Gonna Be (500 Miles)’ हे धडाकेबाज, पाय आपटत म्हणायचं गाणं, आणि त्याचा या संथ, हुरहुर लावणाऱ्या चालीशी काडीचा संबंध नाही. ते ऐकून माणूस ‘दावा खोटा आहे’ अशी खात्री करून घेतो आणि रागाच्या भरात हरकत ठोकतो. त्यातच बॉबी बेअर यांचं 1963चं ‘500 Miles Away from Home’ हे तिसरं गाणं, ज्याच्या श्रेयात बेअर यांच्याबरोबर हेडी वेस्ट यांचंही नाव आहे. थोडक्यात, शीर्षकावर विसंबून चालत नाही. गाणं नक्की होतं ते रचनाकाराच्या नावाने.

रचनाकाराचं नाव शोधायला अस्कॅप आणि बीएमआय या अमेरिकन संस्थांच्या नोंदी सगळ्यांना फुकट बघता येतात. दोघींनी 2020 साली त्या नोंदी Songview या नावाखाली एकत्र दाखवायला सुरुवात केली. तिथे शीर्षक टाकलं की त्याच नावाची डझनावारी गाणी समोर येतात. प्रत्येकापुढे गीतकार-संगीतकार आणि प्रकाशक असतात. एका सातबाऱ्यावर चार भावांची नावं असावीत, तशी एका गाण्यावर अनेक प्रकाशकांची नावं सापडतात, कारण प्रत्येक रचनाकाराचा प्रकाशक वेगळा असू शकतो. नोटिशीतल्या प्रकाशकाचं नाव आता उपयोगी पडतं. ते ज्या नोंदीत असेल, ती आपली. मात्र दावेदार जर दुसऱ्या देशातला प्रतिनिधी असेल तर ते नाव तिथे सापडणार नाही, मग रचनाकार आणि चाल यांवरच भिस्त ठेवावी. नोंदीत बहुधा T ने सुरू होणारा एक क्रमांकही असतो. तो रचनेचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, ISWC. रेकॉर्डिंगचा क्रमांक, ISRC, वेगळा. दोन्हींची गल्लत झाली की शोध भलतीकडे जातो.

कधी नोटिशीत शीर्षकही कामाचं नसतं. एखाद्या अनोळखी वादकाच्या इन्स्ट्रुमेंटल अल्बममधल्या ट्रॅकचं नाव दिसतं, कारण यंत्रणेकडे तुलनेला तीच प्रत होती. हरकत नाही, तो ट्रॅक ऐका, चाल तीच असणार. शाझॅमसारखं ॲप इथे फारसं कामाला येत नाही. ते विशिष्ट रेकॉर्डिंग ओळखतं, आणि मुलाच्या गिटारचं रेकॉर्डिंग जगात कुठेच छापलेलं नाही. त्यापेक्षा गूगलच्या ॲपमध्ये ती चाल गुणगुणून बघावी. 2020 सालापासून ती सोय आहे, आणि चाल ओळखण्यासाठीच ती केलेली आहे.

चाली एकमेकांत मिसळल्या असतील आणि वेळेवरूनही नीट कळत नसेल, तर व्हिडिओ कापून प्रत्येक चालीचा वेगळा तुकडा खाजगी म्हणून चढवून बघता येतो. चढवतानाच Checks हा टप्पा येतो, तिथे कॉपीराइटची प्राथमिक तपासणी होते. ज्या तुकड्यावर खूण येईल, तो आपला. आज काहीच आलं नाही म्हणजे सुटलो, असं मात्र समजू नये. प्रकाशकाने आपली यादी पुढे वाढवली तर जुन्या व्हिडिओवरही दावा येतो.

गाणं कळल्यावर काय करायचं, ते परिणामाच्या रकान्यावरून ठरतं. अशा दाव्यात बहुतेक वेळा व्हिडिओ चालूच राहतो, फक्त जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे जातात. हा स्ट्राइक नव्हे, खात्यावर डाग पडत नाही. गॅदरिंगच्या व्हिडिओतून पैसे कुणाला मिळवायचे होते? तेव्हा नोटीस तशीच राहू द्यावी, हे माझं मत. हेडी वेस्ट 2005 साली वारल्या. आपल्या कायद्यात रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क टिकतो, म्हणजे ही चाल 2065च्या अखेरपर्यंत मोकळी नाही. पैसे कमावणाऱ्या चॅनेलचा असाच व्हिडिओ असेल, तर काही गाण्यांच्या बाबतीत यूट्यूब प्रकाशकाचा दावा आल्यावर उत्पन्न वाटून घेऊ देतं. स्टुडिओत तो पर्याय आहे का ते बघावं.

उलट, शोधाअंती दावाच चुकीचा निघाला, समजा त्या वेळेत मुलगा एखादी पारंपरिक ओवी वाजवत होता आणि नोटिशीतल्या गाण्याशी तिची चाल जुळतच नाही, तर हरकत घ्यावी. ‘हे माझंच आहे’ एवढ्यावर भागत नाही. कुठून कुठपर्यंत कुठली चाल आहे, ती कुणाची आहे आणि नोटिशीतल्या रचनेपेक्षा ती वेगळी का, हे दोन-तीन वाक्यांत लिहावं. दावेदाराला उत्तर द्यायला 30 दिवस असतात. तेवढ्यात तो बोलला नाही तर दावा आपोआप गळून पडतो. त्याने हरकत फेटाळली तर अपील करता येतं, त्याला उत्तर द्यायची मुदत 7 दिवसांची. पण अपिलानंतर दावेदार व्हिडिओ काढून टाकण्याची रीतसर मागणी करू शकतो, आणि ती मान्य झाली तर मघाशी नसलेला स्ट्राइक खरोखरच लागतो.